शाळेला लॅपटॉपचं प्रपोजल द्यायचंय? स्पेसिफिकेशनचं कारण आणि मेंटेनन्सचा हिशोब असा लिहा

कॉम्प्युटर लॅबच्या व्हिडिओनंतर बऱ्याच दुकानदारांचा एकच प्रश्न आला. "सर, शाळेत कोटेशन देतो, पण समिती फक्त शेवटचा आकडा बघते आणि ऑनलाइनचा भाव दाखवून परत पाठवते. काय करायचं?"

उत्तर असं आहे की कोटेशन आणि प्रपोजल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोटेशनमध्ये वस्तू आणि भाव असतो. प्रपोजलमध्ये ही वस्तू का, एवढीच का आणि तीन वर्षांनी तिचं काय होणार, याचं उत्तर असतं. समितीत बसलेला माणूस डॉक्टर असेल, निवृत्त शिक्षक असेल किंवा बागायतदार असेल. त्याला प्रोसेसर कळत नाही, म्हणून तो जे कळतं ते बघतो, म्हणजे भाव. त्याला कळेल असं दुसरं काही आपणच कागदावर द्यायचं असतं.

आजचा लेख खासगी संस्थेने स्वतःच्या निधीतून करायच्या खरेदीबद्दल आहे. सरकारी निधी असेल तर जेम पोर्टल, निविदा वगैरे नियम लागतात, तो विषय वेगळा.

एक उदाहरण धरून चालू. तालुक्याच्या गावातली शाळा, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, म्हणजे एकूण 12 तुकड्या. सर्वात मोठ्या तुकडीत 44 मुलं. एकूण मुलं साधारण 500. खाली दिलेले भाव फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमचे भाव त्या दिवशी डिस्ट्रिब्युटरकडून घ्या.

पहिली पायरी: वेळापत्रक मागा

शाळेत गेल्यावर "किती लॅपटॉप पाहिजेत?" असं विचारू नका. समोरून "पंधरा-वीस द्या" असं उत्तर येतं आणि त्याला काहीच आधार नसतो. मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी घ्या: तुकडीनिहाय पटसंख्या आणि कॉम्प्युटरच्या तासांचं वेळापत्रक.

आपल्या शाळेत 44 मुलांची तुकडी आहे. एका लॅपटॉपवर दोन मुलं बसवली तर 22 लॅपटॉप लागतात. शिक्षकांसाठी 1. आणि बिघाड झाला तर बदलायला 2 स्पेअर. एकूण 25. आता कोणी विचारलं "पंचवीसच का?" तर उत्तर तयार आहे. आणि कोणी म्हणालं "वीसच घेऊ", तर तुम्ही शांतपणे सांगू शकता की मग शिक्षकांचा एक वगळता मोठ्या तुकडीत सहा मुलांना तिसरा म्हणून बसावं लागेल आणि स्पेअर एकही राहणार नाही. निर्णय त्यांचा, पण परिणाम त्यांना माहीत असला पाहिजे.

दुसरा हिशोब तासांचा. 12 तुकड्यांना आठवड्यात प्रत्येकी दोन तासिका, म्हणजे 24 तासिका. सहा दिवसांत वाटल्या तर रोज 4. तासिका 35 मिनिटांची असेल तर लॅपटॉप रोज 140 मिनिटं चालतो, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. हा आकडा लिहून ठेवा, बॅटरी, चार्जिंग आणि मेंटेनन्स या तिन्ही ठिकाणी तो कामाला येणार आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक स्पेसिफिकेशनसमोर कारण लिहा

प्रपोजलमध्ये "हाय स्पीड", "लेटेस्ट", "ब्रँडेड" हे शब्द वापरूच नका. त्यातून काहीच ठरत नाही आणि उद्या दुसरा दुकानदार हेच शब्द लिहून कमी दर्जाचा माल देऊ शकतो. मेक, मॉडेल नंबर आणि स्पेसिफिकेशन पूर्ण लिहा, आणि शेजारी एका ओळीत कारण.

रॅमपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच होते. विंडोज 11 साठी कागदोपत्री किमान रॅम 4 जीबी आहे. त्यामुळे कोणीतरी 4 जीबीचं स्वस्त मशीन दाखवतोच. पण 8 जीबीच्या लॅपटॉपवर काहीही न उघडता टास्क मॅनेजर बघा. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळूनच साधारण 3 ते 4 जीबी घेतात. त्यावर ब्राउझर, लिब्रे ऑफिस आणि स्क्रॅच उघडलं की 4 जीबीचं मशीन अडखळायला लागतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मशीन सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं गेली तर शिक्षक दोन महिन्यांत लॅबकडे फिरकणं बंद करतात. म्हणून 8 जीबी. पण 16 जीबी कशाला, हेही सांगा: मुलं व्हिडिओ एडिटिंग करणार नाहीत, त्यामुळे आज ते पैसे घालायची गरज नाही. मात्र रॅम वाढवायला स्लॉट असलेलंच मॉडेल निवडा. काही पातळ मॉडेल्समध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. ही गोष्ट बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेली नसते, मॉडेलची स्पेक शीट उघडून बघावी लागते.

स्टोरेजमध्ये एसएसडी हा शब्द स्पष्ट लिहा. अगदी स्वस्त मशीनमध्ये ईएमएमसी नावाची स्टोरेज येते, तीही 64 किंवा 128 जीबीची. ती हळू असते आणि विंडोजचे अपडेट्स येत गेले की 64 जीबी भरून जाते. शाळेच्या कामाला 256 जीबी एसएसडी पुरते, कारण मुलांच्या फाइल्स लहान असतात. तुमच्या मॉडेलमध्ये 512 च येत असेल तर हरकत नाही, पण त्यासाठी जादा पैसे मागू नका.

प्रोसेसरमध्ये "आय5 आहे" या शब्दावर समिती भुलते. तुम्ही कोअर आय3 किंवा रायझन 3 चं सध्याच्या पिढीचं मॉडेल दिलं आणि दुसऱ्याने आठ-नऊ वर्षं जुना रिफर्बिश्ड आय5 दिला, तर कागदावर त्याचं मशीन भारी दिसतं. म्हणून दोन गोष्टी लिहा: प्रोसेसरची पिढी आणि "विंडोज 11 ला अधिकृत सपोर्ट". विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जुन्या प्रोसेसरला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे ते मशीन आज स्वस्त पडलं तरी सिक्युरिटी अपडेटचा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत येतो.

स्क्रीन 15.6 इंच फुल एचडी, अँटिग्लेअर. कारण दोन मुलं एकत्र बघणार आहेत. सोबत प्रत्येक मशीनला वायरवाला माउस. तो तीनशे रुपयांचा माउस टचपॅड वाचवतो.

बॅटरीचं कारण तुमच्या वेळापत्रकातून येतं. नवीन बॅटरी पाच तास चालत असेल आणि रोजची गरज दोन तास वीस मिनिटं असेल, तर वर्गात एकही वायर लागत नाही. तिसऱ्या वर्षी बॅटरी निम्मी झाली, तरी अडीच तास मिळतात आणि दिवस निघतो. लाइट गेली तरी तासिका होते, इन्व्हर्टर लागत नाही. डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप का, याचं खरं उत्तर हे आहे. पण दुसरी बाजूही लिहा: लॅपटॉपची दुरुस्ती डेस्कटॉपपेक्षा महाग असते आणि तो चोरीला जाणं सोपं असतं, म्हणूनच पुढे कुलूपबंद कपाट आणि राखीव निधी दिला आहे. स्वतःच्या मालाची कमी बाजू लिहिणाऱ्यावर समिती पुढच्या आकड्यातही विश्वास ठेवते.

चार्जिंग विसरलात तर लॅब पहिल्याच आठवड्यात अडते

पंचवीस लॅपटॉप, प्रत्येकी जास्तीत जास्त 65 वॅटचा चार्जर, म्हणजे 1625 वॅट. साधा 6 अँपिअरचा प्लग 230 व्होल्टवर 1380 वॅटपर्यंतच झेपतो. कोणी एका प्लगला एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन लावून सगळे एकदम चार्जिंगला टाकले तर वायर गरम होणार. म्हणून दोन कपाटं, दोन वेगळ्या सर्किटवर, प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी. एका कपाटात 13 लॅपटॉप धरले तर 845 वॅट होतात, ते आरामात झेपतं. कपाट स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्या, पण मागे-पुढे हवेसाठी जाळी पाहिजे आणि जाळीचं भोक बारीक पाहिजे, नाहीतर सुट्टीत उंदीर वायरी कुरतडतात.

तिसरी पायरी: मेंटेनन्सचे तीन खिसे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. शाळेला वाटतं "मेंटेनन्स तुमच्याकडे" म्हणजे काहीही झालं तरी दुकानदार फुकट करून देणार. आणि ऑर्डर जाईल या भीतीने दुकानदारही "हो हो, सगळं बघू" म्हणतो. वर्षाला वीस हजारात "सगळं" घेतलं आणि वर्षात दोन स्क्रीन फुटल्या, तीन कीबोर्डवर पाणी सांडलं, चार चार्जर गेले, तर ते वीस हजार पार्टमध्येच संपतात. मग दुकानदार फोन उचलणं बंद करतो, मशीन कोपऱ्यात पडतात आणि मुलांची लॅब बंद होते. पालकांनी भरलेल्या फीचे पैसे धूळ खात पडतात आणि गावात तुमचं नाव खराब होतं.

म्हणून प्रपोजलमध्ये तीन खिसे वेगळे दाखवा.

| काय झालं | कोणत्या खिशातून |
|---|---|
| मशीन आपोआप बंद पडतं, स्क्रीनवर रेषा, एसएसडी गेली | कंपनीची वॉरंटी |
| विंडोज अडकलं, सॉफ्टवेअर टाकायचं, साफसफाई, कंपनीकडे तक्रार नोंदवणं | दुकानदाराचा सर्व्हिस करार |
| पडून फुटलं, पाणी सांडलं, चार्जरची वायर तुटली, बॅटरी जुनी झाली | शाळेचा राखीव निधी |

पहिला खिसा: कंपनीची वॉरंटी साधारण एक वर्षाची असते, ती पैसे भरून तीन वर्षांची ऑनसाइट करून घ्या. पण दोन गोष्टी समितीला आधीच सांगा. वॉरंटीत फुटतूट आणि सांडलेलं पाणी येत नाही. आणि लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची केली तरी बॅटरीची बहुतेक वेळा एकच वर्षाची राहते. हे नंतर कळलं तर भांडण होतं, आधी कळलं तर तो एक नियम असतो.

दुसरा खिसा तुमचा. त्याचा भाव अंदाजाने टाकू नका, मोजा. शाळेचे दहा महिने, महिन्याला एक ठरलेली भेट, म्हणजे 10 भेटी. शिवाय मधल्या तक्रारींसाठी 8 भेटी. एका भेटीला पोऱ्याचा अर्धा दिवस 600 आणि पेट्रोल 200, म्हणजे 800 रुपये. 18 भेटींचे 14,400. त्यावर तुमचं मार्जिन धरून 18,000, अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,240 रुपये वर्षाला. आठच्या वर भेट लागली तर प्रत्येकी दर किती, तेही लिहा.

इथे एक वेळ सांभाळायची असते. "दोन तासांत येऊ" असं लिहू नका. तक्रार आल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी माणूस येईल, असं लिहा. वर्ग थांबणार नाही कारण दोन स्पेअर मशीन आहेत. आणि कंपनीचा पार्ट कधी येईल याची हमी कंपनीच्या वतीने तुम्ही देऊ नका.

तिसरा खिसा शाळेचा. तो निधी शाळेच्याच खात्यात राहतो आणि लागला तरच खर्च होतो. वर्षाला 3 चार्जर 1,500 प्रमाणे, 2 कीबोर्ड 2,500 प्रमाणे आणि 1 हिंज 3,500, असे 13,000 रुपये धरू. तिसऱ्या वर्षी 10 बॅटऱ्या 3,500 प्रमाणे, म्हणजे 35,000 वेगळे.

बॅटरी बदलायची की नाही यावर वाद होऊ नये म्हणून मोजमाप लिहून द्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका:

```
powercfg /batteryreport /output "C:\battery-07.html"
```

सात नंबरच्या लॅपटॉपचा रिपोर्ट तयार होतो. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतात. समजा 41,000 आणि 22,000 आले. दुसऱ्याला पहिल्याने भागलं तर 54 टक्के. आपल्या वेळापत्रकाला निम्मी बॅटरी पुरते, म्हणून 50 टक्क्यांच्या खाली गेली तरच बदलायची. अपवाद एकच: बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलं किंवा झाकण नीट बसेना, तर टक्के न बघता मशीन त्याच दिवशी बंद करून बाजूला काढायचं आणि चार्जिंगला अजिबात लावायचं नाही.

महिन्याच्या भेटीत काय करणार हेही लिहा: प्रत्येक मशीन सुरू करून बघणं, अपडेट, चार्जर आणि हिंज तपासणं, रजिस्टरवर सही. मे महिन्याच्या सुट्टीआधी बॅटऱ्या साधारण निम्म्या चार्ज ठेवून मशीन पूर्ण बंद करायची. पूर्ण रिकामी बॅटरी दीड महिना पडून राहिली तर खराब होते. आणि शाळा उघडण्याच्या आधी एक भेट, कारण सुट्टीतले सगळे अपडेट 25 मशीन एकदम ओढायला लागले तर पहिल्या दिवशी इंटरनेट बंद पडल्यासारखं होतं.

चौथी पायरी: एकूण आकडा तीन वर्षांचा दाखवा

| बाब | रुपये |
|---|---|
| 25 लॅपटॉप, 38,000 प्रमाणे | 9,50,000 |
| जीएसटी 18 टक्के | 1,71,000 |
| तीन वर्षांची वॉरंटी, 3,500 प्रमाणे, करासह | 87,500 |
| कपाटं आणि वायरिंग | 45,000 |
| माउस | 7,500 |
| सर्व्हिस करार, 3 वर्षं | 63,720 |
| राखीव निधी, 3 वर्षं | 39,000 |
| तिसऱ्या वर्षीच्या बॅटऱ्या | 35,000 |
| एकूण | 13,98,720 |

जीएसटी वेगळा लपवू नका. शालेय शिक्षणाच्या सेवेवर जीएसटी माफ असल्याने शाळेला या खरेदीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी कर हा खर्चच आहे. "कर वेगळा" असं खाली बारीक लिहिलेलं कोटेशन स्वस्त दिसतं, म्हणून तुलना नेहमी करासह करायला सांगा.

आता हा आकडा 500 मुलं आणि 3 वर्षांनी भागा. एका मुलामागे वर्षाला सुमारे 932 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 78. चौदा लाख ऐकून गप्प झालेली समिती 78 रुपयांवर बोलायला लागते, कारण कॉम्प्युटर फीचा हिशोब त्यांना याच भाषेत करायचा असतो.

"ऑनलाइन तीन हजारांनी स्वस्त आहे" असं कोणी म्हणालंच, तर भाव पाडायच्या आधी मॉडेल नंबर जुळवा. रॅम, वॉरंटी, स्क्रीन यात फरक निघतो. तरीही फरक उरला तर सांगा, "साहेब, मशीन तिकडून घ्या, सर्व्हिस करार माझ्याशी करा, दर हाच." तीन खिसे वेगळे केल्यामुळेच हे बोलता येतं. सगळं एका आकड्यात कोंबलं असतं तर तुम्हाला फक्त भाव पाडता आला असता.

प्रपोजलचा मजकूर

पहिलं पान असं ठेवा, नावं आणि आकडे तुमचे टाका:

> प्रति,
> मा. अध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती यांसी,
>
> विषय: संगणक कक्षासाठी 25 लॅपटॉप, चार्जिंग व्यवस्था व तीन वर्षांची देखभाल याबाबत प्रस्ताव.
>
> महोदय/महोदया,
> मा. मुख्याध्यापकांनी दिलेली पटसंख्या व वेळापत्रक यांच्या आधारे हा प्रस्ताव तयार केला आहे. सर्वात मोठ्या तुकडीत 44 विद्यार्थी असून दोन विद्यार्थ्यांमागे एक याप्रमाणे 22, शिक्षकांसाठी 1 व पर्यायी 2 असे 25 लॅपटॉप प्रस्तावित आहेत. प्रत्येक मशीनचा रोजचा वापर 2 तास 20 मिनिटे आहे. स्पेसिफिकेशन त्यानुसार ठरवले असून प्रत्येकाचे कारण सोबत दिले आहे.
>
> उत्पादनातील दोष कंपनीच्या वॉरंटीतून, सेवा व तपासणी आमच्या करारातून आणि फुटतूट व झीज शाळेच्या राखीव निधीतून भागवली जाईल. राखीव निधीतून खर्च करण्यापूर्वी फोटो व दर देऊन मा. मुख्याध्यापकांची लेखी संमती घेतली जाईल.
>
> वरील दर 10 दिवसांसाठी वैध आहेत.

शेवटची ओळ गाळू नका. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते आणि रॅम-एसएसडीचे भाव तोपर्यंत कुठल्या कुठे जातात. बैठकीची तारीख विचारून त्याच्या दोन दिवस आधीच दर द्या.

पैशांचे टप्पेही लिहा. अकरा लाखांचा माल डिस्ट्रिब्युटर रोख मागतो, आणि शाळेचा चेक सह्यांसाठी फिरत राहतो. त्या मधल्या दिवसांत छोटं दुकान अडकून पडतं. ऑर्डरसोबत 50 टक्के, डिलिव्हरीला 40 आणि महिन्याने 10 असं ठेवता येतं. शेवटच्या 10 टक्क्यांच्या आधी संगणक शिक्षकांसोबत बसून 25 च्या 25 सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. वॉरंटी तीन वर्षांची दिसते का आणि सुरू होण्याची तारीख बिलाचीच आहे का, ते बघा. कधी कधी तारीख आधीची दिसते. ती बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते, पण तीन वर्षांनी नाही, आत्ताच.

त्याच दिवशी मशीनवर 1 ते 25 स्टिकर लावा आणि मुलांच्या जोड्यांना तोच नंबर द्या. कीबोर्डचं बटण कोणाच्या तासिकेला निघालं, हे मग रजिस्टर सांगतं.

या आठवड्याचं काम: तुमच्या ओळखीच्या एका शाळेतून फक्त पटसंख्या आणि वेळापत्रक आणा. मशीन किती आणि रोजचे तास किती, हे दोन आकडे काढा. भाव त्यानंतरच टाका.